पाटी ‘४के’ची, चित्र ‘एसडी’चे : ट्रायच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील एका केबल चालकाच्या हेडएंडमध्ये एकोणीस वर्षे काम करून आता घरी बसलेला तंत्रज्ञ आहे. हेडएंड म्हणजे उपग्रहावरून आलेल्या वाहिन्या जिथे उतरवून घेतात, पुन्हा दाबून लहान करतात आणि गावभर पाठवतात ती खोली. वाहिनीचे चित्र किती दाबायचे, हा निर्णय याच खोलीत होत असल्यामुळे एचडी, फुल एचडी, ४के, यूएचडी या पाट्यांकडे मी गिऱ्हाइकापेक्षा थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. उद्या नेहमीच्या वाहिन्यांनाही यूएचडीची पाटी लावून त्यांचा वेगळा दर मागितला जाईल, आणि त्या वेळी आपल्या प्राधिकरणाला त्यावर भूमिका घ्यावी लागेल. त्याआधी आज एचडी म्हणून जे विकले जाते त्याचा हिशेब ग्राहकाला मिळावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात घरातल्याच एका प्रसंगाने करतो, कारण सगळे मुद्दे त्यात एकत्र आलेले आहेत. गेल्या दिवाळीत मिरजेला माझ्या धाकट्या बहिणीकडे ४३ इंची ४के टीव्ही आला. आधीचा टीव्ही २१ इंची, काचेच्या नळीचा, वीस वर्षे चाललेला. नवा टीव्ही भिंतीवर लागला, रोजची मराठी मालिका सुरू झाली, आणि तिच्या सासूबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या की जुन्या टीव्हीवर माणसे बरी दिसत होती, इथे सगळ्यांच्या तोंडाला मेण लावल्यासारखे दिसते. दाजींनी दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आले, “टीव्ही ४के आहे साहेब, पण तुमचं पॅक ४के नाही. ते घ्या, चित्र उठून दिसेल.” दाजी पैसे भरायच्या बेतात होते, बहिणीने मला बोलावून घेतले.

मी गेलो तेव्हा दाजींनी रिमोटवरचे माहितीचे बटण दाबून दाखवले. पडद्याच्या कोपऱ्यात 3840×2160 असे आकडे आले. “हे बघा, ४केच येतंय की,” असे त्यांचे म्हणणे. इथेच पहिला घोटाळा आहे. टीव्ही जो आकडा दाखवतो तो वाहिनीचा नसतो, सेट-टॉप बॉक्स तारेतून टीव्हीला जे चित्र देतो त्याचा असतो. त्यांच्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 2160p वर कायमचे बांधलेले होते. म्हणजे वाहिनी कसलीही असो, बॉक्स तिला ताणून त्या मापाची करत होता आणि टीव्ही प्रामाणिकपणे ते माप सांगत होता. मी आउटपुट वाहिनीच्या मूळ मापाप्रमाणे बदलेल असे लावले, आणि तीच मालिका पुन्हा लावून तेच बटण दाबले. आता आकडा आला 576i. घरात बॉक्स एचडीचा होता, तार एचडीएमआयची होती, पडदा ४केचा होता. पण पॅकमध्ये घेतलेली वाहिनी एसडी आवृत्तीची होती. तिची एचडी आवृत्ती त्याच चालकाकडे वेगळ्या क्रमांकावर उपलब्ध होती आणि ती कोणी निवडलेलीच नव्हती.

या आकड्यांचा अर्थ आता जरा सविस्तर सांगतो. एसडी म्हणजे आपल्याकडे ५७६ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त ७२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. एकूण सव्वाचार लाखांच्या आत. फुल एचडी म्हणजे १०८० ओळी आणि ओळीत १९२० पिक्सेल, एकूण सुमारे २१ लाख. यूएचडी, म्हणजेच घरच्या टीव्हीवरचे ४के, यात २१६० ओळी आणि ओळीत ३८४० पिक्सेल, एकूण सुमारे ८३ लाख. ‘एचडी रेडी’ ही पाटी लावलेल्या स्वस्त टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचा असतो. तो एचडीचा सिग्नल घेतो खरा, पण त्याचे सगळे पिक्सेल दाखवू शकत नाही. अशाच टीव्हीच्या खोक्यावर ‘४के सपोर्ट’ असेही लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ एवढाच की ४केची फाइल आत गेली तर ती उघडते. पडदा आहे तेवढाच राहतो. टीव्हीची खोकी आपल्या अखत्यारीत येत नाहीत याची मला कल्पना आहे, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

मात्र या नावांमध्ये एक हातचलाखी आहे आणि ती वाहिन्यांच्या पाटीवरही तशीच येणार आहे. ‘१०८०’ हा आकडा उंचीचा आहे, त्यात ओळी मोजल्या आहेत. ‘४के’ हा आकडा रुंदीचा आहे, त्यात एका ओळीतले पिक्सेल मोजले आहेत, तेही ३८४० चे चार हजार करून. सिनेमागृहातले ४के खरोखर ४०९६ पिक्सेल रुंद असते. घरच्या टीव्हीने ते नाव उसने घेतले. एका पाटीवर उंची आणि दुसऱ्या पाटीवर रुंदी लिहिल्यामुळे एक हजारावरून चार हजारावर उडी घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात उभ्या दिशेने दुप्पट आणि आडव्या दिशेने दुप्पट एवढीच वाढ आहे. क्षेत्रफळाने ती चौपट होते हे खरे, पण डोळा बारकावा क्षेत्रफळाने मोजत नाही. दोन रेघा वेगळ्या दिसतात की एकमेकींत मिसळतात, एवढेच तो पाहतो.

आता अंतराचा प्रश्न. बहिणीच्या घरात सोफ्याच्या पाठीपासून पडद्यापर्यंत मी टेप लावली. डोक्याच्या जागेपासून अंतर भरले २.७ मीटर, म्हणजे जवळपास नऊ फूट. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतले बर्नार्ड लेक्नर यांनी फार पूर्वी तिथल्या घरांतले असेच अंतर मोजले होते, तेही नऊ फूटच आले, आणि टीव्हीच्या धंद्यात त्याला आजही ‘लेक्नर अंतर’ म्हणतात. दिवाणखान्याची लांबी बदलते, पण सोफा भिंतीला टेकवायची सवय जगभर सारखीच असावी.

नेत्रतज्ज्ञ जिला सामान्य चांगली दृष्टी म्हणतात, तिला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनात असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून जवळ असले की ते एक होतात. म्हणजे एका अंशात साठ पिक्सेल बसले की या हिशेबाने डोळ्याची मर्यादा आली. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर असते. तीत १९२० पिक्सेल बसवले की एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटराचा होतो, आणि तो १.७ मीटरपलीकडे सुटा दिसेनासा होतो. यूएचडीचा पिक्सेल याच्या निम्मा. तो ८५ सेंटिमीटरपलीकडेच दिसेनासा होतो. म्हणजे या पडद्यावर यूएचडीचा संपूर्ण बारकावा पाहायचा तर टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकावी लागेल.

साठाचा हा आकडा जरा ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काळ्या-पांढऱ्या बारीक नक्षीसाठी डोळ्याची सरासरी मर्यादा अंशाला ९४ पिक्सेल इतकी भरली. रंगीत नक्षीसाठी ती कमी होती, पिवळ्या-जांभळ्या जोडीसाठी तर ५३. यूएचडीचे समर्थक म्हणू शकतील की डोळा समजत होतो त्यापेक्षा तीक्ष्ण निघाला. निघाला खरा. पण हाच कडक आकडा घेऊन बहिणीच्या घरचा हिशेब केला तर काय येते पाहा : ४३ इंची पडदा, २.७ मीटर अंतर, फुल एचडीचे पिक्सेल, आणि उत्तर येते अंशाला ९५. म्हणजे अर्धशतकाहून जुना ढोबळ नियम लावा किंवा कालपरवाचे काटेकोर मोजमाप लावा, त्या सोफ्यावर बसणाऱ्या माणसाची नजर फुल एचडीनेच भरून जाते. यूएचडीचे उरलेले साठ लाख पिक्सेल त्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

एसडीचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. त्याच पडद्यावर एसडीचा पिक्सेल ०.९३ मिलिमीटर उंच आणि १.३ मिलिमीटर रुंद होतो. २.७ मीटरवरून तो साध्या डोळ्याच्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. म्हणजे त्यातली उणीव दिसतेच. सासूबाईंची तक्रारही यातूनच उलगडते. २१ इंची जुन्या पडद्याची उंची ३२ सेंटिमीटरच्या आसपास होती. तीत ५७६ ओळी बसल्या की एक ओळ साधारण अर्ध्या मिलिमीटराची होते आणि दोन मीटरपलीकडे ती डोळ्याला सुटी दिसत नाही. जुन्या टीव्हीवर एसडी पुरेसे होते, कारण पडदा लहान होता. तेच चित्र दीडपटीहून अधिक उंच पडद्यावर ताणले की त्याची गरिबी उघडी पडते. म्हातारीच्या डोळ्यांनी बरोबर निदान केले होते; चुकीचे औषध दुकानदाराने दिले.

वाहिनी बदलून एचडी आवृत्ती लावली तेव्हा घरात कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. साडीच्या काठावरची वेलबुट्टी दिसू लागली, खालच्या पट्टीतली अक्षरे ठसठशीत झाली, चेहऱ्यांवरचे मेण गेले. त्यानंतर मी पुढची परीक्षाही घेतली. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला, आउटपुट 3840×2160 वर ठेवले, आणि रंकाळ्याकाठच्या झाडांचा एक मोठा फोटो दोन प्रकारे दाखवला : एकदा मूळ यूएचडी मापात, आणि एकदा 1920×1080 पर्यंत लहान करून पुन्हा ताणून. कोणता कोणता हे न सांगता दहा वेळा आलटूनपालटून लावले. सोळा वर्षांच्या भाच्याने सोफ्यावरून दहापैकी सहा बरोबर सांगितले. नाणे उडवून पाच आले असते. दाजींनी चौथ्या फेरीला नाद सोडला. नंतर भाच्याला पडद्यापासून मीटरभर अंतरावर बसवले, तेव्हा त्याने दहाच्या दहा ओळखले. एका घरातली ही गंमत काही पुरावा नव्हे. पण ज्याला शंका आहे त्याला दहा मिनिटांत घरी करता येण्याजोगी आहे. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून मात्र ती करू नये, कारण बरेच टीव्ही फोटो दाखवताना तो आधी एचडी मापात आणतात आणि मग पडदाभर ताणतात.

इथपर्यंतचे सगळे गणित चित्र निर्मळ आहे असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात ते तसे नसते, आणि ज्या खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली तिथली गोष्ट इथे सुरू होते.

स्टुडिओतून एचडी चित्र निघते तेव्हा तारेतून सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट माहिती वाहत असते. घरी पोहोचते तेव्हा त्याच चित्राला सेकंदाला पाच-सात मेगाबिट मिळाले तर नशीब म्हणायचे. म्हणजे दोनशेहून अधिक पटींनी ते दाबलेले असते. दाबण्याची युक्ती अशी की एका फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमच्या तुलनेत जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे. दोन माणसे सोफ्यावर बसून बोलत असली तर फारसे काही बदलत नाही, आणि थोडक्या बिटांत काम भागते. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, गुलाल उडाला, झांजा आणि झेंडे एकदम हलू लागले, की प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक ठिपका नवा असतो. बिट पुरत नाहीत. मग दाबणारे यंत्र बारकावे टाकून देते, आणि पडद्यावर गुलालाच्या जागी लालसर चौकोनांचा चिखल दिसतो. त्या क्षणी चित्राचे माप अजूनही 1920×1080 च असते, पाटी अजूनही एचडीच असते, पण आतला मजकूर एसडीच्याही खाली गेलेला असतो.

शिवाय प्रत्येक वाहिनीसाठी बिट वेगळे राखून ठेवलेले नसतात. उपग्रहावरच्या प्रक्षेपण यंत्राला ट्रान्सपाँडर म्हणतात; ३६ मेगाहर्ट्‌झच्या अशा एका ट्रान्सपाँडरमधून ५५ ते ६० मेगाबिटच्या आसपास माहिती जाते, आणि ती त्यावरच्या सगळ्या वाहिन्यांनी वाटून घ्यायची असते. ज्या वाहिनीला त्या क्षणी गरज जास्त तिला यंत्र जास्त देते. सगळ्यांना एकदम गरज लागली तर सगळ्यांचीच उपासमार. केबलच्या हेडएंडमध्येही वाटणी अशीच असते, आणि आणखी एक वाहिनी त्याच जागेत कोंबायची असे वरून सांगून आले की आम्ही बाकीच्यांच्या ताटातले थोडे थोडे काढून घ्यायचो. मी स्वतः हे केलेले आहे. पाटी बदलावी लागत नाही, दर बदलावा लागत नाही आणि फोन फारच थोडे येतात, कारण लोकांना वाटते की पावसामुळे चित्र खराब आहे. पावसाची खूण वेगळी असते, तेवढी ग्राहकांनी ओळखावी : पावसाने सिग्नल पडला तर चित्र गोठते, तुटते किंवा जाते आणि आवाज खरखरतो, बिट कमी पडले तर आवाज स्वच्छ राहतो, चित्र चालू राहते, फक्त हालचाल आली की पुसट आणि चौकोनी होते व कॅमेरा स्थिर झाला की क्षणात सावरते.

यात यूएचडी आणून बसवा. पिक्सेल चौपट. त्यातही आपल्या एचडी वाहिन्या 1080i या पद्धतीने जातात, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी पाठवून सेकंदाला २५ पूर्ण चित्रे भरतात. यूएचडी मात्र सेकंदाला ५० पूर्ण चित्रांनी पाठवण्याची रीत आहे, म्हणजे कच्चा माल आठपट झाला. दाबण्याची नवी पद्धत जुनीच्या तुलनेत साधारण निम्म्या बिटांत काम करते, ती वापरली आणि इतर काही सवलती मिळाल्या तरी खेळाच्या यूएचडी वाहिनीला नीट दिसण्यासाठी वीस-पंचवीस मेगाबिट लागतात. एवढ्या जागेत चांगल्या दर्जाच्या तीन एचडी वाहिन्या बसतात. कोणता चालक मराठी मालिकांच्या वाहिनीला एवढी जागा देईल? तो बारा मेगाबिटांत यूएचडीची पाटी लावून मोकळा होईल, आणि ते चित्र धावत्या दृश्यात दहा मेगाबिटांच्या एचडीपेक्षा वाईट दिसू शकेल.

पाटीबद्दलची दुसरी शंका उगमाची आहे. अमेरिकी फुटबॉलच्या २०२० मधल्या अंतिम सामन्याचे, म्हणजे सुपर बोलचे, ४के प्रक्षेपण गाजावाजा करून झाले. त्याच्या निर्मितीचे काम १०८० ओळींच्या एचडीमध्ये झाले होते आणि शेवटी ते ४केच्या मापात ताणून दिले गेले. ते चित्र उत्तम होते, याबद्दल वाद नाही. ते उत्तम दिसले याचे कारण पिक्सेल नव्हते, उजेड-अंधाराचा वाढलेला पल्ला होता. त्याला एचडीआर म्हणतात. आपल्याकडे २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी काही सामने ४केमध्ये दाखवले गेले आणि त्यासाठी ४केचे बॉक्सही विकले गेले. त्या बॉक्सांवर त्यानंतरच्या वर्षांत मुख्यतः एसडी आणि एचडीच पाहिले गेले. आजही नेहमीच्या मराठी मनोरंजन वा वृत्तवाहिन्यांपैकी एकही यूएचडीत येत नाही. उद्या कोणी आणली, तर तिच्यावरच्या जुन्या मालिका, जुने चित्रपट आणि मोबाइलवर टिपलेल्या बातम्या कोणत्या मापाच्या असतील, हे वेगळे सांगायला नको.

यूएचडीचा उपयोगच नाही, असे माझे म्हणणे नाही. ६५ इंची पडदा असेल आणि बैठक २.४ मीटरवर असेल, तर एचडीचे पिक्सेल अंशाला ५६ इतकेच पडतात, आणि चांगल्या नजरेला यूएचडीतला फरक दिसेल. ५५ इंची पडद्यावर २.७ मीटरवरून हा आकडा ७४ होतो. तो साठ आणि ९४ या दोन मर्यादांच्या मधे पडतो, एखाद्याला बारीक नक्षीत फरक कळेल, एखाद्याला कळणार नाही. भरपूर बिट मिळालेल्या, यूएचडीतच चित्रित झालेल्या निसर्गपटासाठी किंवा सामन्यासाठी या घरांनी जादा पैसे द्यायला माझी हरकत नाही. एचडीआर तर कोणत्याही अंतरावरून दिसतो, कारण त्याचा संबंध डोळ्याच्या बारकाव्याशी नसून तेज आणि रंग यांच्याशी आहे. पिक्सेल न वाढवता १०८० ओळींतच तो देता येतो. बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी मिळून त्याची अशी एक पद्धत तयार केली की एकच सिग्नल जुन्या टीव्हीवर नेहमीसारखा आणि नव्यावर वाढलेल्या पल्ल्याने दिसतो. २०१६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकात स्थानही मिळाले. चालकाकडे शिल्लक जागा असेल, तर ती आधी एचडीला पुरेसे बिट, मग सेकंदाला ५० पूर्ण चित्रे, मग एचडीआर अशा क्रमाने खर्च झालेली मला आवडेल. पिक्सेल चौपट करणे हे काम या रांगेत शेवटचे आहे.

आता आपल्याकडे येतो. ३ मार्च २०१७ च्या आपल्या दर आदेशाने नेटवर्क क्षमता शुल्काच्या, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्यासाठी चालक जे शुल्क घेतो त्याच्या हिशेबात एक एचडी वाहिनी म्हणजे दोन एसडी वाहिन्या, असे ठरवले. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपे एकाच संचात घालून ग्राहकाच्या माथी मारायलाही त्याच वेळी मनाई झाली, हे चांगले झाले. त्या शुल्कावरची कमाल मर्यादा २०२४ मध्ये उठली. तरी एचडी हा एक वेगळा, अधिक किमतीचा माल आहे ही समज कायम राहिली आहे. पण त्या मालाचे वजन कुठेच छापलेले नाही. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश असतो, तुपाच्या डब्यावर निव्वळ वजन असते. एचडी वाहिनीच्या नावापुढे फक्त ‘एचडी’ असते. तीन मेगाबिटांची एचडी आणि आठ मेगाबिटांची एचडी एकाच पाटीखाली, कित्येकदा एकाच दराने विकली जाते. यूएचडीचा तिसरा स्तर याच रिकाम्या पाटीवर उभा राहिला तर ग्राहक पुन्हा मापाचे पैसे देईल आणि त्याच्या हाती काय पडले हे त्याला कळणार नाही.

म्हणून विनंती अशी आहे. प्रत्येक वितरकाने आपल्या संकेतस्थळावर, आणि जमेल तिथे बॉक्सच्या माहितीपट्टीत, प्रत्येक वाहिनीपुढे तिचे प्रक्षेपित माप, म्हणजे त्याच्या हेडएंडमधून ती प्रत्यक्ष किती पिक्सेलांत आणि किती चित्रांनी निघते, ते लिहावे. त्यासोबत दाबण्याची पद्धत आणि मागील आठवड्यातला सरासरी व संध्याकाळी सात ते अकरा या वेळेतला किमान बिटरेट, म्हणजे वाहिनीला सेकंदाला मिळालेले बिट, द्यावा. केवळ सरासरी देऊन चालणार नाही, कारण रात्री दोन वाजता सगळ्याच वाहिन्या पोटभर जेवतात. आणि ज्या वाहिनीला मूळ चित्र कमी मापाचे मिळते व जी वर ताणून दिली जाते, तिच्यापुढे तसे स्पष्ट नमूद करावे. त्यासाठी ‘वर्धित’ एवढा शब्दही पुरेल.

हे अवघड आहे असे कोणी आपल्याला सांगितले, तर ते मान्य करू नये. प्रत्येक वाहिनीला क्षणाक्षणाला किती बिट मिळत आहेत, हे हेडएंडमधल्या पडद्यावर रंगीत पट्ट्यांत दिसतच असते. तो आलेख पाहूनच आम्ही वाटप करतो. ती नोंद आठवड्याला एकदा बाहेर काढणे हे एका माणसाचे तासाभराचे काम आहे. सिग्नलमध्ये वाहिनी एसडी आहे की एचडी हे सांगणारा एक रकाना आधीपासून असतो, पण तो वितरक स्वतः भरतो आणि त्यातून फक्त जात कळते, प्रत कळत नाही. आपल्या २०१७ च्या नियमांनुसार वितरकांच्या यंत्रणेची दरवर्षी तपासणी होते. त्यात आज ग्राहकसंख्येच्या नोंदी आणि कूटप्रणाली तपासली जाते; त्याच तपासनिसाला कोणत्याही दहा वाहिन्यांचे माप व बिटरेट मोजून जाहीर आकड्यांशी पडताळायला सांगितले, तर नवा खर्चही फारसा येणार नाही.

मिरजेच्या घरातले ‘४के पॅक’ घ्यायचे राहून गेले. चौकशी केली तेव्हा कळले की त्या पॅकमध्ये मराठी वाहिन्या एसडीच होत्या. ‘४के’ हे नाव बॉक्सवरून आलेले होते. दाजींनी त्याऐवजी तीन मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या निवडल्या. त्यातल्या दोनांचे चित्र स्वच्छ आहे. तिसरीचे गर्दीच्या दृश्यात फाटते, आणि ती एचडी असूनही किती बिटांची आहे हे विचारले तर ग्राहक सेवेतली मुलगी नम्रपणे सांगते की, “सर, ती एचडी आहे.”

आपला विश्वासू,
एक निवृत्त हेडएंड तंत्रज्ञ,
सांगली